धाकूचा लाल दोरा

धाकू तोरसकराला इंजिनियरिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे तो स्वतःच दिवसातून चारदा सांगायचा. कचेरीत कुणी नवीन आला की चहा हातात देतानाच म्हणायचा, "साहेब, माका काय विचारू नका. मी नुसता जुळवतंय." नवा माणूस हसायचा. जुना मात्र हसायचा नाही, कारण धाकूने जुळवलं नाही की काय होतं ते त्याने एकदा तरी भोगलेलं असायचं.

कचेरी अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या माडीवर. खाली रबरी वॉशरचा कारखाना, त्यामुळे वर टाइप केलेल्या प्रत्येक कागदाला जळक्या रबराचा वास. मालक कामेरकर साहेब. इमारती, पाण्याच्या टाक्या, गिरण्यांच्या चिमण्या तपासायच्या आणि कुठे काय बिघडलंय, त्यावर काय करायचं याचा अहवाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. तपासायला जायचा जयवंत. पोरगा हुशार, पण लिहिताना शब्दांचा भलता कंजूष. टाइप करायची वनमाला. आणि टाइप झालेलं तपासायचा धाकू. बस्स, एवढीच कचेरी.

या धाकूला कचेरीत आणलं कुणी, ते आता कुणालाच आठवत नाही. मूळचा मालवणकडचा. वीस वर्षं परळच्या गिरणीत कापडतपासणीला होता. तिथे मेजावरून कापड सरकत जातं, आणि तपासणाऱ्याने त्यातला तुटका धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग नुसत्या नजरेने पकडायचा. डाग दिसला की कापड थांबवून बसायचं नाही. काठाला, बरोबर त्या डागाच्या रेषेत, लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि पुढे जायचं. पुढचा माणूस गाठ बघून समजतो. धाकूची नजर अशी की ठाण गुंडाळून झाल्यावरही तो सांगायचा, सतराव्या वारावर एक धागा जाडा आहे. पुढे खात्यात माणसं कमी केली, धाकू घरी बसला, आणि कुणाच्या तरी ओळखीने कामेरकरांकडे शिपाई म्हणून चिकटला. सातवीपर्यंतचं इंग्रजी होतं. वनमाला मोठ्याने वाचायची, हा समोर मूळ कागद धरून बसायचा, आणि वर्षभरात साहेबांच्या लक्षात आलं की या माणसाच्या हातून गेलेला कागद परत येत नाही.

पण त्याची तऱ्हा म्हणजे तऱ्हा! अहवालाची कार्बनची तिसरी प्रत कचेरीसाठी ठेवायची असते. धाकू ती घ्यायचा, डब्यातून सुई काढायचा आणि चक्क शिवायला बसायचा. अहवालात तीन गोष्टी. आधी निरीक्षणं, म्हणजे काय दिसलं. शेवटी शिफारशी, म्हणजे काय करा. आणि मागे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो, ज्यांना अहवालात 'फिगर' म्हणतात. धाकू निरीक्षणाच्या पानावर टाका घालून दोरा ओढायचा तो त्या निरीक्षणात लिहिलेल्या फोटोवर, आणि तिथून थेट शिफारशीवर. काम तातडीचं असेल तर दोरा लाल. सावकाश दुरुस्तीचं असेल तर निळा. नुसती नजर ठेवायची असेल तर पांढरा. निरीक्षण आहे पण शिफारस नाही, तर दोरा अर्धवट लोंबायचा. शिफारस आहे पण निरीक्षण नाही, तर तिला दोराच नसायचा. अशा शिफारशीला धाकू 'बेवारस' म्हणायचा आणि तिच्या जन्मदात्याला, म्हणजे जयवंताला, शोधत फिरायचा.

दोरे यायचे बायकोच्या शिवणाच्या डब्यातून. ती विचारायची, "मेल्या, कचेरीत झंपरा शिवतस काय?" धाकू म्हणायचा, "इमारती शिवतंय."

साहेबांना हे पसंत नव्हतं. एकदा एका पारशी गिऱ्हाइकाने ती शिवलेली प्रत बघितली आणि विचारलं, "कामेरकर, तुमचा टेलर कोण?" साहेब त्या दिवसापासून चिडूनच होते. "तोरसकर, हे गोधडीकाम बंद करा. अक्कल वापरा, डोळे वापरा." धाकू होय म्हणाला आणि शिवत राहिला, फक्त दाराकडे पाठ करून.

चौऱ्याहत्तर सालातली गोष्ट. मुलुंडच्या एका सोसायटीचं काम आलं. अ, ब, क, ड अशा चार इमारती, प्रत्येक मजल्यावर समोरून लांबलचक सामायिक गॅलरी. जयवंत दोन दिवस जाऊन आला, सोळा फोटो काढले, अकरा निरीक्षणं लिहिली, नऊ शिफारशी लिहिल्या. अ इमारतीत गिलाव्याला चीर, काळजीचं काही नाही. क इमारतीत सांडपाण्याचा पाइप गळतोय, बदला. ड इमारतीच्या टाकीचं झाकण सडलंय. पण एक निरीक्षण वाईट होतं. ब इमारत, दुसरा मजला, गॅलरीचं पश्चिम टोक. गॅलरी भिंतीबाहेर ज्या ब्रॅकेटवर तोललेली असते, त्या ब्रॅकेटला भिंतीलगत, वरच्या अंगाला तडा आणि आतल्या सळईचा गंज बाहेर ओघळलेला. शिफारस: गॅलरी ताबडतोब बंद करा, खालून टेकू द्या. जयवंताने तिथल्या तिथे तोंडी बजावलंसुद्धा होतं. कुणाला? तर वॉचमनला. आणि तो वॉचमन दुसऱ्याच दिवशी गावाला गेला! काय म्हणावं या हुशारीला?

अहवाल टाइप झाला, फोटो चिकटले, आणि कच्ची प्रत बघायला सोसायटीचे सेक्रेटरी आले. श्यामसुंदर नाबर. गोल चेहरा, गोल चष्मा, बोलणं मात्र टोकदार. पानं उलटता उलटता पाचव्या फोटोवर आले आणि लाल झाले. फोटो अ इमारतीतल्या चिरेचा होता. चीर मधोमध झकास आली होती. आणि चिरेच्या शेजारी, आपल्याच घरासमोर, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभे राहून तोंडात ब्रश धरलेले स्वतः सेक्रेटरी!

"कामेरकर, हा काय चावटपणा आहे? हा अहवाल सगळ्या सभासदांना वाटायचाय. येत्या रविवारी माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. व्याही हे बघतील?"

"चीर दाखवायची होती हो," साहेब म्हणाले.

"मग चीर दाखवा ना! मला कशाला दाखवता?"

साहेबांनी वाद घातला नाही. जयवंताला म्हणाले, पाच नंबर काढून टाक. जयवंताने फोटो काढला, पुढच्या सगळ्या फोटोंचे नंबर एकेकाने खाली आणले. सहाचा पाच, सातचा सहा, आणि असं करत सोळाचा पंधरा. वनमालाला सांगितलं, "निरीक्षणांतले आकडे बदल," आणि सकाळीच नाहूरला एका कारखान्याची टाकी तपासायला निघून गेला. वनमालाने रबर घेतलं, निरीक्षणांच्या पानांवरचे आकडे खोडून खोडून बदलले. तिसऱ्या निरीक्षणातला 'फिगर ५' तर पुसूनच टाकला, कारण तो फोटोच उरला नव्हता. सांगितलं तेवढं तिने चोख केलं. शिफारशींचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं शुक्रवारी सकाळी. चार वाजता सही होऊन अहवाल द्यायचा, आणि घ्यायला नाबर साहेब स्वतः येऊन बाहेरच्या बाकावर बसणार होते. ते तीनलाच आले. सोबत पिशवीभर आमंत्रणपत्रिका. पहिली साहेबांना दिली, दुसरी वनमालाला, तिसरी बळेच धाकूच्या हातात.

"यायचं हं! शंभर माणूस आहे. आमच्या अ बिल्डिंगला तुमच्या त्या चिरेने घाबरवून सोडलं, म्हणून कार्यक्रम तिकडून हलवला. आता ब बिल्डिंग, दुसरा मजला, पत्रिकेत शाईने बदललंय. गॅलरी लांबरुंद आहे, वारा छान. फुलांच्या माळासुद्धा सांगून ठेवल्यात."

धाकू "होय होय" म्हणाला, पत्रिका खिशात टाकली आणि दाराकडे पाठ करून सुई ओवायला बसला. ब काय आणि क काय, त्याच्या डोक्यात अजून काहीच नव्हतं.

पहिला दोरा नीट बसला. दुसराही. तेवढ्यात साहेब मागून आले. दोरे बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण सेक्रेटरी बाहेर बसलेले, म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, "तोरसकर, पुन्हा गोधडी?" मग स्वतःच खाली वाकून पहिल्या दोन शिफारशी फोटोंशी ताडून बघितल्या. "बरोबर आहे की सगळं. बस करा आता. पंधरा मिनिटांत फाइल माझ्या टेबलावर." आणि जाता जाता दोऱ्यांचा डबा उचलून त्यांनी सरळ कपाटावर, हात पोहोचणार नाही असा, ठेवून दिला.

आता साहेबांचं चुकलं कुठे? पहिल्या चार फोटोंचे नंबर बदललेच नव्हते. पहिल्या दोन शिफारशी त्याच फोटोंच्या. वरवर बघणाऱ्याला वरचंच दिसतं, आणि वरचं सगळं ठीक होतं.

धाकूच्या हातात सुई होतीच, आणि शर्टाच्या खिशात आणखी तीन रिळं होती. वीस वर्षांचा गिरणीवाला तो, एका डब्यावर थोडाच अवलंबून राहणार! तो तिसऱ्या शिफारशीवर आला. 'फिगर ५ मध्ये दिसणारी चीर गिलाव्यापुरती आहे, सहा महिने नजर ठेवावी.' पांढरा दोरा घेतला, पाचवा फोटो उघडला. पाचव्या फोटोत विजेच्या मीटरचं कपाट. चीर कुठेच नाही. परत निरीक्षणात गेला, तर तिथे फोटोचा नंबरच नाही, नुसता रबराने खरडलेला पांढरा डाग.

"वनमाला गो, ही चीर खय गेली?"

"सेक्रेटरींच्या चड्डीबरोबर गेली," वनमाला टाइप करता करता म्हणाली.

धाकू हसला, पण हात थांबला. एक धागा सुटला की वीण शेवटपर्यंत बिघडते, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. तो एकदम शेवटच्या शिफारशीवर गेला. 'फिगर १६ मधील टाकीचं झाकण बदलावं.' मागची पानं उलटली. तेरा, चौदा, पंधरा. पुढे पुठ्ठा कोरा. दोरा हातात घेऊन धाकू तसाच बसला. झाकण बदलायचं, पण ते आहे कुठे?

"वनमाला, तू शिफारशींतले आकडे बदललेस?"

"मला निरीक्षणांचं सांगितलं होतं." टाइपरायटर थांबला. "अगं बाई!"

"अगं बाई नाय, वाट लागली म्हण."

दोघांनी मग एकेक दोरा धरला. वनमाला शेवटाकडून एकेक शिफारस वाचायची, धाकू फोटो उघडायचा. गळका पाइप बदला, फिगर दहा. दहाव्या फोटोत गच्चीचा जिना, पाइपचं नावनिशाण नाही. एकेक बघताना दोघांना हसूच फुटत होतं. मग चौथी शिफारस आली. वनमालाने वाचलं, 'फिगर ९ मधील गॅलरी वापरासाठी ताबडतोब बंद करावी व खालून टेकू द्यावेत.' जयवंताचा कंजूषपणा बघा! इमारतीचं नाव नाही, मजला नाही, नुसता नऊ.

धाकूने लाल दोरा नवव्या फोटोवर आणला. फोटोत गॅलरी होती. आणि हीच तर खरी गोम! बाकी ठिकाणी चूक ओरडत होती, पाइपऐवजी जिना, चिरेऐवजी कपाट. इथे गॅलरीच्या जागी गॅलरीच. खाली टाइप केलं होतं, 'गॅलरी, पश्चिम टोक.' मग त्याने निरीक्षणातून दुसरा लाल दोरा काढला. सहावं निरीक्षण, ब इमारत, दुसरा मजला, फिगर ८. आठव्या फोटोतही गॅलरी, आणि खाली तेच: 'गॅलरी, पश्चिम टोक.'

"लाल काम अख्ख्या अहवालात एक," धाकू सावकाश म्हणाला, "आणि लाल दोरे दोन ठिकाणी जातायत."

"म्हणजे?"

"म्हणजे एक गॅलरी पडायला झाली आहे आणि आपण दुसरी बंद करायला सांगतोय."

वनमालाने सवयीने बोट रबराकडे नेलं. "नवाचा आठ करते. झालं."

"हात लावू नको!" धाकू इतक्या जोरात ओरडला की खालचा रबरवालासुद्धा गप्प झाला. मग हळू आवाजात, "तुझ्या नि माझ्या मनाने आकडा बदलायचो नाय गो. निरीक्षण खरा की शिफारस खरी, ह्या जयवंतानेच सांगूक होया. फोटोच उलटसुलट चिकटले असले तर?"

जयवंत नाहूरला. फोन लावला. तिकडचा पहारेकरी म्हणाला, साहेब टाकीत आहेत. "टाकीवर की टाकीत?" "आतमध्ये. शिडी लावून उतरलेत. हाक मारली तर नुसतं घुमतं, कळत काही नाही." वर आले की फोन करायला सांगा, असं सांगून वनमालाने फोन ठेवला. घड्याळात साडेतीन.

धाकूने खिशात हात घातला तो रिळासाठी. हाताला लागली पत्रिका. त्याने ती वाचली. मग पुन्हा वाचली. 'स्थळ: ब इमारत, दुसरा मजला.' शंभर माणूस! नटूनथटून, एका टोकाला फोटो काढायला दाटीवाटीने उभं राहणारं शंभर माणूस. आता त्याला खरोखरच भीती वाटली, आणि वनमालाला ती त्याच्या तोंडावर दिसली.

"मामा, चहा आणू का?"

"आण. कडकडीत आण, वाफ येतली असा."

चहा आला. धाकूने तो प्यायला नाही. आठव्या फोटोचा पुठ्ठा उचलला आणि ग्लासावर धरला. जयवंत फोटो चिकटवताना खळ फक्त चार कोपऱ्यांना लावायचा, आणि फोटो धुऊन आला की मागे पेन्सिलने जागा लिहून ठेवायचा, एवढं धाकूने बघितलेलं होतं. वाफ लागून कोपरे सुटू लागले. नेमक्या याच वेळी सेक्रेटरी बाहेरून म्हणाले, "चहा आला वाटतं? आम्हालाही चालेल." आणि नेमक्या याच वेळी साहेब दार उघडून बाहेर आले.

त्यांना दिसलं ते असं. सही व्हायच्या अहवालाचा फोटो चहाच्या ग्लासावर उलटा, धाकू त्यावर फुंकर घालतोय, वनमाला नवव्या फोटोचा कोपरा नखाने उचलतेय, आणि टेबलभर दोरे.

"तोरसकर! वेड लागलंय का तुम्हाला?"

"साहेब, एक मिनिट—"

"एक सेकंद नाही! गिऱ्हाईक बाहेर बसलंय. द्या ती फाइल इकडे."

साहेबांनी फाइल ओढली. दोऱ्यांनी ती टेबलाशी, सुईशी आणि धाकूच्या शर्टाच्या बटणाशी जोडलेली होती. फाइल गेली तसा धाकूही गेला. दोघं पोटाला पोट लावून समोरासमोर उभे राहिले. एरवी साहेबांसमोर मान खाली घालणारा धाकू, पण आता नाइलाजाने त्यांच्या नाकाला नाक लावून उभा होता, तेव्हा त्याने बोलूनच टाकलं.

"साहेब, बटण तोडा हवं तर. पण सही करू नका. ह्या कागदावर सही झाली तर रविवारी माणसं मरतील."

साहेब थांबले. धाकूने फोटो उलटा करून त्यांच्यापुढे धरला. मागे जयवंताच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, 'ब-२, पश्चिम. तडा.' वनमालाने नववा सोडवला. मागे होतं, 'क-२, पश्चिम. पाइप.' साहेबांनी सहावं निरीक्षण वाचलं, चौथी शिफारस वाचली. लाल दोऱ्यावर बोट ठेवून आठपर्यंत गेले, दुसऱ्यावर ठेवून नऊपर्यंत गेले.

"नाबर साहेब," त्यांनी बाहेर हाक मारली, "फिगर नऊमधली गॅलरी बंद करा, असं जर या अहवालात असेल तर तुम्ही काय कराल?"

नाबर आत आले, चष्मा वर करून फोटो बघितला. "ही? ही तर क बिल्डिंग. तो पाइप बघा ना, मीच चारदा तक्रार केलीये. आजच दोरी बांधून बंद करतो. कार्यक्रम ब मध्ये आहे, आपलं काही अडत नाही."

खालून रबराचा वास येत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. टाकीतून वर आलेला जयवंत होता. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. तिकडून तो इतक्या मोठ्याने बोलला की सगळ्यांना ऐकू गेलं. "ब, साहेब, ब! मी वॉचमनला सांगितलं होतं!"

नाबर समोरच्या खुर्चीवर बसले. आमंत्रणपत्रिकांची पिशवी मांडीवरून घसरली. ते धाकूच्या शर्टाकडे बघत राहिले, जिथून अजून लाल दोरा लोंबत होता.

अहवाल त्या दिवशी गेला नाही. गेलं एक पत्र, आणि ते साहेबांनी स्वतः सांगितलं, वनमालाने टाइप केलं, धाकूने तीनदा वाचलं. त्यात फिगरचा एकही आकडा नव्हता. 'ब इमारत, दुसरा मजला, पश्चिम टोकाची गॅलरी, आज संध्याकाळपासून बंद. खालच्या दोन्ही गॅलऱ्यांतही त्या टोकाला उभं राहू नये. खालून टेकू उद्या.' नाबर ते पत्र छातीशी धरून गेले. दारातून परत आले आणि म्हणाले, "आता कार्यक्रम कुठे करू?"

"खाली पटांगणात, भिंतींपासून लांब," साहेब म्हणाले. "तुमच्या अ इमारतीची चीर नुसती गिलाव्याची आहे, पण शंभर माणूस कुठल्याच गॅलरीत नको."

"थांबा," धाकू बटण शोधता शोधता म्हणाला. "त्या चिरेचा एक राहिला. तिसऱ्या निरीक्षणाक फोटो नाय."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. एरवी ते ओरडले असते. या वेळी म्हणाले, "काय करायचं, सांगा."

"नवीन फोटो काढूचो. पाच नंबर."

रविवारी धाकू मुलुंडला गेला. बायकोही आली, झंपर नवा घालून. पटांगणात मांडव, मुलगी लाजतेय, व्याही पेढे खातायत, शंभराची सव्वाशे माणसं झालेली. जयवंत गळ्यात कॅमेरा अडकवून एकटाच मान खाली घालून फिरत होता. धाकू मांडवाच्या कडेला उभा राहून वर बघत होता. ब इमारतीची ती गॅलरी रिकामी, दोरी बांधलेली. खालून सहा लाकडी टेकू लागलेले. सुतार सांगत होता, पहिला टेकू ठोकला तर टोपलीभर काँक्रीट खाली आलं आणि आतली सळई बिस्किटासारखी बोटाने मोडली. फुलवाल्याला निरोपच पोहोचला नव्हता. त्याने पहाटे येऊन, दोरी ओलांडून, ठरल्याप्रमाणे वरच माळा बांधल्या होत्या. त्या आता रिकाम्या गॅलरीत वाऱ्यावर हलत होत्या. धाकूने त्या मोजल्या. मग खाली हसणारी माणसं मोजायला लागला, साठपर्यंत मोजली आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे पुढचं दिसेना.

"रडतस कित्या?" बायकोने विचारलं.

"धूर गेलो डोळ्यात."

"खयचो धूर?"

तेवढ्यात नाबर आले. कोट, टाय, डोक्याला टोपी, अंगाला अत्तर. धाकूचा हात धरून त्याला व्याह्यांपुढे नेलं आणि म्हणाले, "हे तोरसकर. यांच्यामुळे आपण सगळे इथे आहोत." व्याह्यांनी विचारलं, "आपण इंजिनियर?"

"छे हो," धाकू म्हणाला. "मी नुसता जुळवतंय."

मग नाबर अ इमारतीत गेले, आपल्या घरासमोर चिरेशेजारी ताठ उभे राहिले आणि जयवंताला म्हणाले, "घे आता."

सोमवारी फोटो धुऊन आला. झकास चीर, झकास सेक्रेटरी. जयवंताने तो पाचवा म्हणून चिकटवला आणि पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकाने वर नेले. पाचाचा सहा, सहाचा सात, आणि असं करत पंधराचा पुन्हा सोळा. या वेळी प्रत्येक फोटोखाली इमारत आणि मजलाही लिहिला. धाकूने शिफारशी ताडल्या, तर सगळ्या जागच्या जागी बरोबर! आता चुकीची झाली होती ती निरीक्षणं, ज्यांतला एकेक आकडा वनमालाने रबर झिजेपर्यंत बदलला होता.

वनमालाने कागद उजेडात धरला. खोडलेल्या जागी आरपार दिसत होतं. "अहो मामा," ती म्हणाली, "आता इथे टाइप केलं तर अक्षर खाली वॉशरच्या कारखान्यात पडेल."

"पानं नवी टाइप कर. मी मूळ धरतंय."

ती वाचायला लागली. धाकूने सुई काढली आणि सवयीने दाराकडे पाठ केली. मागे पावलं वाजली तशी त्याने दोरा मुठीत लपवला. साहेब होते. खुर्चीवर चढून त्यांनी कपाटावरचा डबा खाली काढला, फुंकर मारून धूळ झटकली आणि धाकूपुढे ठेवला. मग खिशातून लाल दोऱ्याची सहा नवी रिळं काढून त्यात टाकली.

"तोंड इकडे करून शिवा," साहेब म्हणाले, "उजेड बरा येतो."